एकाच शेगडीवर पितळी आणि अ‍ॅल्युमिनियमचा बर्नर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्याकडे तीन बर्नरची स्टीलची शेगडी आहे. दोन्ही बाजूंचे बर्नर मोठे आणि एकाच मापाचे, मधला लहान. मूळचे तिन्ही बर्नर अ‍ॅल्युमिनियमचे होते आणि चारेक वर्षांत चांगलेच झिजले होते. बदलायची वेळ आली तेव्हा मी डावीकडे पितळी बर्नर बसवला आणि उजवीकडे मुद्दाम नवाकोरा अ‍ॅल्युमिनियमचाच घेतला. स्वयंपाक पाच माणसांचा, रोज दोन वेळचा. दोन्हींवर साधारण सारखंच काम पडेल असं बघितलं. आता आठ महिने झालेत, तेव्हा लिहिण्याइतका अनुभव जमला आहे.

दुकानात सगळ्यात आधी ऐकू येतं ते हे, की पितळी घ्या, गॅस वाचेल. माझा अनुभव असा की नुसत्या पितळेमुळे गॅस वाचत नाही. एकाच पातेल्यात तेवढंच पाणी घेऊन दोन्ही बाजूंना आलटून पालटून उकळून पाहिलं, वेळ सारखाच लागला. कारण सरळ आहे. किती गॅस येणार हे बर्नरच्या खाली, नळीच्या तोंडाशी बसवलेल्या जेटच्या बारीक भोकावर आणि रेग्युलेटरच्या दाबावर ठरतं. वर बसवलेला बर्नर तो गॅस छिद्रांतून नीट वाटून देतो, एवढंच त्याचं काम. धातू कुठलाही असो, जळणारा गॅस तितकाच आणि त्याची उष्णताही तितकीच. त्यातली किती भांड्यात शिरते आणि किती बाजूने निघून जाते, हे मात्र ज्योत आणि भांड्याचा बूड यांच्या मापावर ठरतं. खरी नासाडी तिथे आहे.

चहाचंच उदाहरण घेते, कारण बहुतेक घरांत ते रोजचं आहे. आमच्या चहाच्या भांड्याचा बूड १२ सेंटीमीटरचा. मोठा बर्नर पूर्ण उघडला की ज्योतींचं कडं साधारण १७ सेंटीमीटरचं होतं, कारण ज्वाळा सरळ वर जात नाहीत, बाहेरच्या बाजूला झुकतात. म्हणजे चारी बाजूंनी दोन-अडीच सेंटीमीटर आग भांड्याच्या बाहेर. दोन माणसांच्या चहाचं, ४०० मिलिलिटर पाणी या आचेवर उकळायला २ मिनिटं ४० सेकंद लागतात. मधल्या लहान बर्नरवर ज्वाळा बुडाखालीच राहतात आणि त्याच पाण्याला जेमतेम साडेतीन मिनिटं लागतात. वेळ बघितला तर मोठा बर्नर जिंकला. पण मोठा बर्नर तासाला साधारण १६० ग्रॅम गॅस खातो आणि लहान त्याच्या निम्मा, ८० ग्रॅम. हिशोब केला तर मोठ्यावर ७ ग्रॅम गॅस गेला आणि लहानावर साडेचार. पाऊण मिनिट वाचवायला दीडपटीहून जास्त गॅस.

आता हे अडीच ग्रॅम मोठे की छोटे? दिवसातून चार वेळा चहा-दूध धरलं तर दिवसाला १० ग्रॅम, महिन्याला ३०० ग्रॅम. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये हे दोन टक्के भरतं. एकट्या चहाने सिलिंडर आठ दिवस जास्त जाईल असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. पण चहाच्या भांड्याला जे लागू आहे तेच फोडणीच्या कढल्याला, अंडी उकडायच्या भांड्याला, बाळाच्या पेजेला लागू आहे, आणि या सगळ्यांची बेरीज जाणवण्याइतकी होते.

ज्योत बाहेर जाते आहे हे ओळखायला वाकून बघायची गरज नसते. भांड्याचा कान किंवा दांडा सांडशीशिवाय धरवेनासा झाला की आग बाजूने वर चढते आहे. दूध तापवताना हे फार स्पष्ट दिसतं. दुधाच्या पातळीच्या वर, आतल्या कडेला जो पातळ थर चिकटलेला असतो तो तपकिरी होऊन करपायला लागतो. खालचं दूध अजून कोमटच असतं आणि वरची कड जळत असते, कारण तिथे मागे उष्णता ओढून घेणारं दूध नाही. माझ्या सासूबाई एवढ्यावरून स्वयंपाकघराच्या दारातून सांगतात, "अगं, गॅस बारीक कर, कड लागली." मी आता सवयीने ज्योतीचं टोक बुडाच्या कडेच्या सेंटीमीटरभर आत राहील एवढीच आच ठेवते.

भांडं आणि ज्योत यांचं माप जुळणं किती महत्त्वाचं आहे हे शेगडीच्या मानकातही दिसतं. घरगुती एलपीजी शेगडीसाठी आपल्याकडे IS 4246 हे भारतीय मानक आहे. त्यात बर्नरची कार्यक्षमता निदान ६८ टक्के असावी लागते, आणि ती तपासताना बर्नर किती गॅस खातो त्यावरून भांड्याचं माप आणि पाणी ठरवून दिलेलं असतं. म्हणजे शेगडीवर छापलेला आकडा योग्य मापाच्या भांड्याचा आहे. मोठ्या बर्नरवर चहाचं भांडं ठेवलं की तो आकडा आपल्याला लागू होत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. मोठ्या तव्याखाली लहान बर्नर ठेवून भाकरी नीट होत नाही. मध्ये डाग पडतात, कडा कच्च्या राहतात, मग आपण तवा फिरवत बसतो आणि भाकरी वातड होते. ज्वारीच्या भाकरीला मोठा बर्नर आणि पसरलेली आच हवीच, तिथे कंजुषी करून उपयोग नाही.

पण सगळ्यात जास्त गॅस कुठे जातो, तर उकळी आल्यानंतर. पाणी एकदा उकळलं की कितीही आच वाढवा, त्याचं तापमान वाढत नाही. वाढते ती फक्त वाफ, आणि पाण्याची वाफ करायला प्रचंड उष्णता लागते. आमटी किंवा उसळ उघड्या पातेल्यात मोठ्या गॅसवर रटरटत ठेवली आणि त्यातलं पाव लिटर पाणी उडून गेलं, तर त्यासाठी २० ग्रॅमहून जास्त गॅस जळतो. चहातल्या अडीच ग्रॅमच्या आठपट, एका भाजीत. डाळ तितक्याच वेळात शिजते, लवकर नाही. उकळी आली की झाकण ठेवून गॅस बारीक करणं हे मी आता कसोशीने पाळते, आणि कुकरलाही पहिली शिट्टी झाली की तेच.

आणि इथेच पितळ आणि अ‍ॅल्युमिनियममधला फरक कामाला येतो, कारण बारीक आच नीट जळायला बर्नर धड असावा लागतो.

अ‍ॅल्युमिनियमचा बर्नर हातात हलका लागतो. त्याच मापाचा पितळी तिपटीने जड भरतो. अ‍ॅल्युमिनियम साधारण ६६० अंशांना वितळतं, पितळ ९०० अंशांच्या पुढे. रोजच्या वापरात कोणी वितळत नाही, पण छिद्रांच्या पातळ कडा सतत ज्वाळेला लागून असतात आणि तिथे अ‍ॅल्युमिनियम आधी हार मानतं. त्यात वरण उतू गेलं की मीठ, चिंच आणि ओल एकत्र येतात. माझ्या उजव्या बर्नरवर तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून पांढरट भुकटी धरायला लागली. ती खरवडली की खाली बारीक खड्डे दिसतात. आता एका बाजूच्या चार-पाच छिद्रांच्या कडा खाल्ल्या गेल्यात, तिथली ज्योत बाकीच्यांपेक्षा लांब आणि लोळणारी येते. बर्नर नळीवर जिथे टेकतो ती कडही थोडी झिजली आहे. रात्री दिवा बंद करून बघितलं तर त्या फटीतून निळी रेघ जळताना दिसते. हा गॅस भांड्याच्या बुडापासून दूर, खालीच जळतो, म्हणजे वायाच जातो. त्यातच गॅस एकदम बारीक केला की कधीकधी ज्योत फट् आवाज करून आत जाते आणि नळीत जळायला लागते. असं झालं की लगेच बटण बंद करायचं, बर्नर निवू द्यायचा आणि नंतरच पुन्हा पेटवायचा.

पितळी बर्नरवर वरण सांडलं तर तो काळा पडतो, हिरवट डाग येतात, दिसायला अगदी वाईट दिसतो. पण चिंचेच्या कोळाने घासला की डाग जातात आणि छिद्रं मूळची तशीच्या तशी असतात. अगदी बारीक आचेवरही कडं अखंड राहतं. मी वाचवलेला गॅस या अखंड बारीक आचेने वाचला आहे, पितळेच्या नावाने नाही.

सफाईत दोघांचे नियम वेगळे आहेत. पितळेला चिंच, लिंबू चालतं. अ‍ॅल्युमिनियमला आंबट आणि मीठ नकोच, आणि धुण्याचा सोडा किंवा ओव्हन साफ करायचं तीव्र द्रावण तर मुळीच नको, तो काळा पडून खाल्ला जातो. त्याला साधा भांड्याचा साबण आणि जुना टूथब्रश. दोन्हींची छिद्रं मी खराट्याच्या काडीने मोकळी करते. खिळा किंवा जाड सुई घातली तर छिद्र मोठं होतं, आणि मोठं छिद्र म्हणजे पुन्हा ज्योत आत जाण्याची तयारी. धुतल्यावर बर्नर उलटा ठेवून पूर्ण वाळवायचा. छिद्रात पाणी राहिलं तर ज्योत पिवळी होऊन फडफडते. मध्येच नारिंगी ठिणग्या उडाल्या तर घाबरू नये, ते मिठाचे किंवा धुळीचे कण असतात. पण टोकं सतत पिवळी राहिली आणि भांड्याचं बूड काळं व्हायला लागलं, तर गॅसला हवा कमी पडते आहे. छिद्रं आणि नळी साफ करूनही फरक पडला नाही तर दुरुस्तीवाल्याला बोलवावं.

पितळी बर्नर घेणार असाल तर जुना बर्नर दुकानात सोबत न्या. खालच्या बैठकीचं माप तर जुळायला हवंच, पण उंचीही जुळवून बघा. नवा बर्नर उंच असेल तर ज्वाळेच्या आतला फिकट निळा कोन थेट बुडाला टेकतो, गॅस नीट जळत नाही आणि भांडी काळी होतात. बुटका असेल तर ज्वाळा बुडापासून लांब राहते आणि उष्णता आधीच पसरते. वजन हातात घेऊन बघा, कारण वरून पिवळा रंग दिलेला अ‍ॅल्युमिनियमचा बर्नरही पितळी म्हणून विकला जातो. लोहचुंबकाने इथे काहीच कळत नाही, तो दोन्ही धातूंना चिकटत नाही. खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला थोडं खरवडलं की पांढरं निघतं की पिवळं ते दिसतं.

किंमत अ‍ॅल्युमिनियमपेक्षा बरीच जास्त आहे. ज्या बर्नरवर वरण, दूध, भात सारखं उतू जातं आणि जो दिवसभर बारीक आचेवर चालतो, त्याला पितळी घ्यावा. फक्त तव्यासाठी वापरला जाणारा बर्नर मोठ्या आचेवरच चालतो आणि त्यावर काही सांडत नाही, तिथे अ‍ॅल्युमिनियम पुरेसा आहे. त्यामुळे उजवीकडचा झिजला की मी पुन्हा अ‍ॅल्युमिनियमचाच घेणार आहे. पितळी मला मधल्या लहान बर्नरसाठी हवाय, कारण चहा-दूध सगळं त्याच्यावर. पण त्या मापाचा आणि नेमक्या उंचीचा अजून आमच्या भागात मिळालेला नाही.