सोना सूट, पोटाचा बेल्ट आणि जिमचा सोना : काही महिने वापरल्यावर

घाम काढायला घालतात तो हवाबंद सोना सूट आणि पोटाचा तो काळा रबरी बेल्ट दोन्ही माझ्या मेहुण्यानं घेतलेलं, त्याला कंबरेला घामोळं उठलं आणि त्यानं पिशवीसकट आमच्या घरात आणून टाकलं, वर म्हणाला दाजी तुम्ही बघा वापरून, तुमच्या पोटाला जास्त गरज हाय. जिमच्या मेंबरशिपमध्ये सोना, म्हणजे बसून घाम काढायची तापवलेली खोलीपण होती म्हणून म्हटलं तिन्ही एकदाच बघूया. फरक एवढाच केला की रोज वजनकाट्यावर उभा राहिलो, आधी, नंतर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. बाकी लोकांचे रिव्ह्यू बघा, सगळे फक्त "नंतर"चा फोटो टाकतात, दुसऱ्या सकाळचा कोण टाकत नाही.

आधी सूटचं सांगतो. रंकाळ्यावर संध्याकाळी तासभर चाललो, नेहमीच्या स्पीडनं. जाताना वजन ८४.६, आल्यावर कपडे काढून अंग कोरडं पुसून ८३.७ (हे अंग पुसणं महत्त्वाचं, घामानं भिजलेला टीशर्ट अंगावर ठेवून वजन केलं तर काटा चुकीचं सांगतो). म्हणजे ९०० ग्रॅम गेले. सूटची बाही उलटी केली तर अक्षरशः पाणी ओघळलं. बघणारा म्हणणार नाद खुळा, तासात जवळजवळ किलो! आता हिशोब करा. माझ्या वजनाचा माणूस तासभर बऱ्यापैकी चालला तर साधारण ३०० कॅलरी जळतात. आणि अंगावरची १ किलो चरबी घालवायला साधारण ७७०० कॅलरी लागतात. म्हणजे त्या ३०० च्या ३०० चरबीतूनच आल्या असं धरलं, जे कधी होत नाही, तरी चरबी जाणार ३५-४० ग्रॅम. राहिलेले साडेआठशे ग्रॅम म्हणजे घाम. रात्री घरी तांबडा पांढरा होता, दोन वाट्या ओरपल्या, वर पाणी पिलो, सकाळी वजन ८४.५. मीठ पोटात गेलं की शरीर पाणी धरून ठेवतं, त्यामुळं घामाचं वजन परत यायला एक रात्र पुरते.

एक दिवस सूट न घालता तोच रस्ता चाललो तर वजन साडेतीनशे ग्रॅमच उतरलं, पण चालणं जास्त झालं. हातातल्या घड्याळावर सूटमध्ये हार्टरेट १३८ च्या आसपास, बिनसूटचा ११२. इथं दुकानदार म्हणतो बघा, हार्टरेट वाढला म्हणजे फॅट जळतंय. तसं नसतंय राव. घाम अंगावरनं उडून जातो तेव्हा अंग थंड होतं, घामाचं काम तेवढंच आहे. सूटमध्ये घाम उडायला जागाच नाही, तो नुसता ओघळतो, अंग तापत राहतं, मग रक्त कातडीकडं पाठवायला हृदय जास्त धावतं. पायाचे स्नायू तेवढंच काम करत असतात, उलट अर्ध्या तासानं दमून स्पीड कमी होतो, म्हणजे खऱ्या कॅलरी कमीच जळतात. पावसाळ्यात आपल्याकडं हवा आधीच ओली, तेव्हा तर सूट घालून मला चक्कर आल्यासारखं व्हायला लागलं, लघवी गडद पिवळी, पोटरीत गोळा. ही खूण दिसली की सूट काढायचा, सावलीत बसायचं आणि ओआरएस प्यायचं, नुसतं पाणी पोटभर ढोसायचं नाही, कारण घामातनं मीठपण गेलेलं असतं.

आता बेल्ट. सगळ्यात जास्त खप याचाच, कारण काढल्यावर लगेच टेपवर फरक दिसतो. माझा बेंबीवर ९८ सेमी घेर, बेल्ट काढल्या काढल्या ९६. रात्री जेवायच्या आधी परत ९८. दाबलेलं पोट पसरायला वेळ लागतो एवढंच. पोटाला जास्त घाम येतो म्हणून लोकांना वाटतं पोटाची चरबी वितळून बाहेर येतेय, पण घामात पाणी आणि मीठ, तेल-तूप काही नसतं, आणि घामाच्या ग्रंथीत चरबी शिरायचा रस्ताच नाही. चरबी जाते कशी ते बघा, अंगाला एनर्जी कमी पडली की हार्मोनच्या इशाऱ्यावर चरबीच्या पेशी फॅटी ॲसिड रक्तात सोडतात, ते अंगभर फिरतं आणि जो स्नायू काम करतो तो जाळतो, मग तो पायाचा असला तरी. जळल्यावर १० किलो चरबीतले ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून बाहेर पडतात आणि १.६ किलोचं पाणी होतं. म्हणजे चरबी बहुतेक नाकातोंडातनं जाते, पोटाच्या कातडीतनं नाही. आणि कुठनं आधी जायची हे बेल्ट ठरवत नाही. १९७१ मध्ये टेनिसपटूंच्या दोन्ही हातांची चरबी मोजली होती, रॅकेट मारून मारून एक हात दुसऱ्यापेक्षा जाड झालेला, पण कातडीखालची चरबी दोन्ही हातांत सारखीच. वर्षानुवर्षं मेहनत एका हाताची, आणि तरी हे. बेल्ट तर मेहनतपण करत नाही.

आमच्या गल्लीतल्या तालमीचे एक जुने वस्ताद आहेत, त्यांना बेल्ट दाखवला तर हसले, म्हणाले, "पोरा, आम्ही घाम काढतो ते काट्यावर उभं राहण्यापुरतं, काट्यावरनं उतरलं की पहिलं पाणी." कोल्हापुरात हे कुणाला नवीन नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगाटचं तेच झालं, पहिल्या दिवशी ५० किलोच्या आत वजन बसलं, दिवसभर कुस्त्या, खाणंपिणं झालं, रात्रभर घाम काढला, सोना केला, तरी फायनलच्या सकाळी १०० ग्रॅम जास्त. वजन किती भराभर परत येतं याला यापेक्षा मोठा पुरावा नको. आणि अमेरिकेत १९९७ ला कॉलेजचे तीन पैलवान महिनाभराच्या अंतरात असंच वजन उतरवताना गेले, मग तिथल्या कॉलेज कुस्तीत रबरी सूट आणि सोनावर बंदीच आली. ज्याला कुस्तीच नाही लढायची त्यानं हा धोका कशाला घ्यायचा?

सोना मात्र मला आवडला. पंधरा मिनिटं बसलं की पाठ मोकळी होते, झोप बरी लागते. वजन साधारण पाव-अर्धा किलो उतरतं आणि पाणी पिल्यावर भरून येतं. बसून असताना हृदय धावतं पण स्नायू काम करत नाहीत, म्हणून कॅलरी जरा जास्त जातात पण फार नाही. एक जण तिथं सांगत होता की लिटरभर घामाला सहाशे कॅलरी लागतात. आकडा खोटा नाही, तेवढी उष्णता घाम उडताना अंगातनं घेऊन जातो, पण ती सोनाच्या भट्टीनं अंगात भरलेली उष्णता असते, चरबी जाळून काढलेली नव्हे.

ज्यांना बीपीची लघवी वाढवणारी गोळी चालू आहे किंवा शुगरचं औषध आहे त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय या तिन्हीच्या वाटेला जाऊ नका. सूट आणि बेल्ट मी मेहुण्याला परत दिले, सूटला ५ पैकी अर्धा स्टार, तोपण शिलाई चांगली म्हणून, बेल्टला शून्य. वजनकाट्याला ४. रोज सकाळी पोट साफ झाल्यावर, काही खायच्या आधी उभं राहायचं आणि आठवड्याची सरासरी काढायची, एका दिवसाचा आकडा धरून बसायचं नाही, तो आदल्या दिवशी किती मीठ आणि पाणी गेलं ते सांगतो.