दहा विधानं, साठ की एकशेवीस? पंचघटक प्रश्नावली निवडताना

प्रबंधाचा आराखडा दाखवायला आलेल्या विद्यार्थ्याशी बोलताना एक वाक्य हमखास ऐकू येतं: "शक्यतो छोटीच प्रश्नावली सुचवा, लोक पूर्ण भरत नाहीत." मागणी रास्त आहे. पण व्यक्तिमत्त्व मोजताना विधानं कमी केली की नेमकं काय हातचं जातं, हे आधी कळलं तर निवड डोळसपणे होते. म्हणून इथे तीन प्रश्नावल्या शेजारी-शेजारी ठेवतो. तिन्ही पंचघटक प्रारूपावर उभ्या आहेत आणि संशोधनासाठी पैसे न मोजता मिळतात.

हे प्रारूप शब्दकोशातून निघालं. ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी १९३६ मध्ये माणसांचं वर्णन करणारे सुमारे १८,००० इंग्रजी शब्द गोळा केले. पुढच्या संशोधकांनी ती यादी छाटत नेली. लोक हे शब्द स्वतःला आणि इतरांना कसे लावतात, याचं घटक विश्लेषण केल्यावर पाच गट पुन्हा पुन्हा समोर येऊ लागले: बहिर्मुखता, सहमतता, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता आणि अनुभवांविषयीचा खुलेपणा. हे पाच कप्पे नाहीत, पाच पट्ट्या आहेत. प्रत्येक माणूस प्रत्येक पट्टीवर कुठेतरी असतो आणि बहुतेक जण मध्याच्या आसपास असतात.

आता तीन पर्याय. पहिला टिपी. गॉसलिंग, रेंटफ्रो आणि स्वॉन यांनी तो २००३ मध्ये प्रसिद्ध केला. यात दहाच विधानं असतात, म्हणजे प्रत्येक गुणाला दोन, एक सुलट आणि एक उलट. उत्तरं १ ते ७ मध्ये द्यायची. भरायला मिनिटभर पुरतं. दुसरा बीएफआय-२, सोटो आणि जॉन यांचा, २०१७ चा. त्यात ६० विधानं आणि १ ते ५ ची श्रेणी. प्रत्येक गुणाचे तीन पैलू आणि प्रत्येक पैलूला चार विधानं. तिसरा आयपीआयपी-निओ-१२०, जो जॉन्सन यांनी २०१४ मध्ये ३०० विधानांच्या मूळ संचातून तयार केला. यात प्रत्येक गुणाचे सहा पैलू, म्हणजे एकूण तीस, आणि इथेही पैलूला चार विधानं. कोस्टा आणि मॅक्रे यांची २४० विधानांची निओ प्रश्नावली विकत घ्यावी लागते, म्हणून ती बाजूला ठेवतो. पण तिसऱ्या पर्यायाची रचना तिच्याच तीस पैलूंवर बेतलेली आहे.

छोट्या प्रश्नावलीची खरी किंमत काय, हे एका उदाहरणातून बघू. टिपीत कर्तव्यदक्षतेची दोन विधानं आहेत. एकाचा आशय 'मी भरवशाची आणि शिस्तीची व्यक्ती आहे', दुसऱ्याचा 'मी अव्यवस्थित आणि निष्काळजी आहे'. एका मुलीने पहिल्याला ६ दिले, दुसऱ्याला ३. दुसरं विधान उलट असल्याने ८ मधून ३ वजा करायचे, म्हणजे ५. सरासरी ५.५. आता ती मुलगी दुसऱ्या दिवशी तीच प्रश्नावली भरायला बसली, टेबलावरचा पसारा तिला तेव्हा डोळ्यांसमोर दिसला आणि तिने ३ ऐवजी ५ वर खूण केली. गुण ४.५ वर आले. ती एका रात्रीत बदललेली नाही. तिच्या गुणाला आधार द्यायला दोनच विधानं होती, म्हणून एका विधानाचं हेलकावणं थेट सरासरीत उतरलं. बारा विधानांत असं एखादं उत्तर दोन घरं सरकलं तर सरासरी जेमतेम ०.१७ ने हलते.

हेच आकड्यांत मांडता येतं. समजा, टिपीवर कर्तव्यदक्षतेचं प्रमाण विचलन १.३ आहे आणि विश्वसनीयता ०.६०. एक वजा विश्वसनीयता, त्याचं वर्गमूळ, गुणिले प्रमाण विचलन, ही मापनाची प्रमाण त्रुटी. इथे ती ०.८२ येते. त्या मुलीच्या ५.५ भोवती ९५ टक्क्यांचा पट्टा काढला तर तो ३.९ पासून श्रेणीच्या वरच्या टोकापर्यंत जातो. याचा अर्थ 'ती सरासरीहून कमी असेल किंवा कमालीची शिस्तीची असेल' इतकंच. बीएफआय-२ मध्ये विश्वसनीयता ०.८५ आणि प्रमाण विचलन ०.७ धरलं, तर ३.५ गुणांभोवतीचा पट्टा साधारण ३.० ते ४.० एवढा येतो. तोही फार अरुंद नाही, पण त्यावर काहीतरी बोलता येतं. एकट्या माणसाला त्याचे गुण सांगायचे असतील तर टिपी वापरू नये, असं मी ठामपणे म्हणतो ते यासाठी.

गटाचा अभ्यास असेल तर चित्र वेगळं दिसतं, कारण अशा चुका सरासरीत बऱ्याच अंशी विरतात. पण फुकट विरत नाहीत. समजा कर्तव्यदक्षता आणि अभ्यासाची नियमितता यांत खरा सहसंबंध ०.४० आहे आणि नियमिततेच्या मापाची विश्वसनीयता ०.८०. टिपी वापरली तर हाती येणारा सहसंबंध ०.२८ च्या आसपास असेल, बीएफआय-२ वापरली तर ०.३३. फरक किरकोळ वाटतो. पण सहसंबंध पकडण्याची शक्यता ८० टक्के हवी असेल, तर पहिल्या बाबतीत सुमारे १०० सहभागी लागतात आणि दुसऱ्या बाबतीत सुमारे ७०. प्रश्नावली छोटी ठेवून वाचवलेला वेळ अशा रीतीने जास्त माणसं शोधण्यात जातो.

इथे टिपीवर होणारा एक अन्याय सांगायलाच हवा. परीक्षक क्रोनबाखचा अल्फा बघतात आणि ०.७० च्या खाली दिसला की लाल शेरा मारतात. टिपीच्या मूळ लेखातच पाच गुणांचे अल्फा ०.४० ते ०.७३ असे दिले आहेत. पण अल्फा विधानांच्या संख्येवर आणि ती एकमेकांसारखी किती आहेत यावर अवलंबून असतो. टिपीच्या कर्त्यांनी दोन विधानं मुद्दाम गुणाच्या वेगवेगळ्या बाजूंची घेतली. 'मी शिस्तीची आहे' आणि 'मी शिस्तबद्ध आहे' अशी जोडी घेतली असती तर अल्फा झकास आला असता, पण माप दरिद्री झालं असतं. त्यांनी काही आठवड्यांनी तीच माणसं पुन्हा तपासली तेव्हा दोन वेळच्या गुणांतला सहसंबंध सरासरी ०.७२ आला. टिपी वापरणार असाल तर हाच पुनर्चाचणीचा मुद्दा प्रबंधात लिहा.

लांब प्रश्नावलीतून मिळणारी दुसरी गोष्ट म्हणजे पैलू, आणि माझ्या मते खरा फायदा तोच. बीएफआय-२ मध्ये कर्तव्यदक्षतेचे तीन पैलू आहेत: व्यवस्थितपणा, काम तडीस नेण्याची वृत्ती आणि जबाबदारी. एका मुलाचे गुण अनुक्रमे ४.५, २.५ आणि ३.५, तर दुसऱ्याचे २.५, ४.५ आणि ३.५. दोघांचीही एकूण कर्तव्यदक्षता ३.५. पहिल्याच्या वह्या आखीव-रेखीव, पण काम अर्ध्यावर. दुसऱ्याचं टेबल बघवत नाही, पण हाती घेतलेलं पूर्ण केल्याशिवाय तो उठत नाही. अभ्यासाचा विषय दिरंगाई असेल तर या दोघांना एका आकड्यात कोंबणं म्हणजे शोधायची गोष्टच पुसून टाकणं.

मग तीस पैलूंची एकशेवीस विधानंच का घेऊ नयेत? दमणूक हे एक कारण आहे, पण त्याहून मोठं कारण होकारप्रवणता आहे. काही माणसं विधान काहीही असो, 'सहमत' म्हणत जातात. बीएफआय-२ मध्ये प्रत्येक पैलूत दोन सुलट, दोन उलट विधानं आहेत. सगळीकडे ४ वर खूण करणाऱ्याची सुलट विधानं ४ देतात, उलट विधानं २ देतात आणि सरासरी बरोबर ३ येते. सवय आपोआप वजा होते. आयपीआयपी-निओ-१२० मध्ये तसं नाही. तिथे स्वक्षमता या पैलूची चारही विधानं सुलट आहेत, सावधपणाची चारही उलट. तोच माणूस इथे स्वक्षमतेत २० पैकी १६ मिळवतो आणि सावधपणात २० पैकी ८. आलेखावर दिसतो 'आत्मविश्वासू पण उतावळा' तरुण, आणि त्याने तर विधानं वाचलीही नसतील. ही प्रश्नावली वापरायची तर उलट-सुलट न बघता ओळीने एकाच रकान्यात किती उत्तरं दिली आहेत, ते आधी मोजायला हवं.

तरीही तिची जागा आहे. चिंता आणि राग वेगळे मोजायचे असतील, किंवा बहिर्मुखतेतला उत्साह आणि दबदबा यांच्यापलीकडे साहसाची ओढ बघायची असेल, तर तीस पैलूच लागतात. शिवाय तिची विधानं सार्वजनिक मालकीची आहेत. ipip.ori.org वरून घ्यावीत, भाषांतर करावं, चार गाळावीत, कुणाला विचारावं लागत नाही. बीएफआय-२ संशोधनासाठी मोफत असली तरी हक्क कर्त्यांकडे आहेत, त्यामुळे भाषांतरापूर्वी त्यांना लिहिणं योग्य.

माझा कौल असा: व्यक्तिमत्त्व हा तुमच्या अभ्यासाचा गाभा असेल तर बीएफआय-२. ते फक्त एक नियंत्रण चल असेल, सहभागी शेकड्यांनी असतील आणि बाकी चाचण्यांनीच अर्धा तास खाल्ला असेल, तर टिपी. प्रश्न एखाद्या विशिष्ट पैलूचा असेल तर एकशेवीसमधून त्या पैलूची विधानं, आणि जमलं तर ३०० च्या संचातून त्याच पैलूची सगळी दहा. नोकरीसाठी निवड करायला तिन्हींपैकी एकही नको, कारण उमेदवाराला कुठलं उत्तर हवंय ते पहिल्या वाचनातच कळतं.

लांबी वाढवून न सुटणारी एक अडचण तिन्हींत आहे. 'मी व्यवस्थित आहे' याचं उत्तर देताना माणूस स्वतःला कुणाच्या तरी शेजारी उभं करून बघतो. शिस्तीच्या वसतिगृहातली मुलगी स्वतःला गबाळी ठरवते, तीच घरी भावंडांत टापटीप ठरते. म्हणून दोन वेगळ्या गटांच्या सरासरीची तुलना जपून करावी. पाच घटकही सगळीकडे निघतातच असं नाही. बोलिव्हियातल्या त्सिमाने समाजात गुर्वेन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही पाच घटकांची रचना नीट आढळली नाही.

शेवटी भाषांतराची गोष्ट. उलट विधानं मराठीत आणताना नकार दुहेरी होतो. 'मी सहसा काळजी करत नाही' यावर 'असहमत' म्हणजे नक्की काय, इथे भरणारा अडखळतो. 'मी सहसा निवांत असतो' असं लिहिलं की अडखळणं थांबतं. तीस-चाळीस जणांवर पूर्वचाचणी घ्या, उलट गुणांकन करा आणि प्रत्येक विधानाचा त्याच गुणाच्या उरलेल्या बेरजेशी सहसंबंध काढा. एखादा आकडा ऋण आला तर आधी गुणांकन तपासा, कारण बहुतेक वेळा ८ किंवा ६ मधून वजा करायचं राहिलेलं असतं. ते बरोबर असूनही आकडा ऋणच राहिला, तर ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवा आणि ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ त्याच्या शब्दांत सांगायला लावा.