‘बारा टन आरामात बसतो’ : खोट्या काटा पावतीचा अनुभव

मका, ज्वारी, हरभरा, सरकी ढेप असा गोणीतला माल भाड्याच्या गाडीने पाठवणाऱ्यांसाठी हे लिहितोय. आमचं अमळनेरला भुसार मालाचं छोटं दुकान आहे. गेल्या हंगामात नवापूरकडच्या एका पशुखाद्य कारखान्याला मका पाठवताना एका ट्रान्सपोर्ट दलालाने आम्हाला व्यवस्थित गंडवलं. दलालाचं नाव घेत नाही. हीच युक्ती करणारा तो एकटाच असेल असंही मला वाटत नाही.

गाडी सहाचाकी होती. दलालाने फोनवर आरसीचा फोटो पाठवला. लदान वजन, म्हणजे गाडी आणि माल धरून परवानगी असलेलं एकूण वजन, १८,५०० किलो. रिकाम्या गाडीचं वजन ६,४८५ किलो. वजाबाकी १२,०१५. सोबत धुळ्याकडच्या एका भुईकाट्याची त्याच दिवशीची रिकाम्या गाडीची पावती. तिच्यावरही ६,४८५. “नाना, बारा टन आरामात बसतो. पन्नास किलोच्या २४० गोण्या टाका, वर पंधरा किलो शिल्लकच राहतात,” असं तो माझ्या काकांना म्हणाला. आरसी खरी होती आणि हिशेबही बरोबर होता. खोटी होती ती पावती.

आधी थोडं पासिंगविषयी, कारण बाजारात लोक टनांचे आकडे तोंडी फेकतात. २०१८ मध्ये केंद्राने मालगाड्यांची वजनमर्यादा वाढवली, तेव्हा दोन अ‍ॅक्सलच्या ट्रकची १६,२०० वरून १८,५०० झाली. त्यामुळे दिसायला सारख्या दोन गाड्यांच्या आरसीवर वेगवेगळे आकडे सापडतात. कोणी ‘अठरा टनी गाडी’ म्हणालं तर तो आकडा गाडीसकटचा असतो, मालाचा नाही. दलालाला हा फरक चांगला ठाऊक असतो. समोरच्याला तो ठाऊक नसला तर त्याचं फावतं.

आमचा दलाल त्याहून एक पायरी पुढचा होता. त्याने मालाचाच आकडा सांगितला, पण तो आरसीवरच्या रिकाम्या वजनातून काढलेला. ते वजन गाडी नोंदवली त्या दिवसाचं असतं. पुढे मालक फाळके उंच करून घेतो, तळाला जाड पत्रा टाकतो, दुसरी स्टेपनी लटकवतो, केबिनवर पेटी बसवतो. शिवाय भरलेली टाकी, दोन ताडपत्र्या, दोरखंड, ड्रायव्हर, क्लीनर. या कशाचीच नोंद आरसीवर होत नाही. रस्त्यावर मात्र सगळं मिळून एकच आकडा मोजला जातो. १८,५०० मधून आजची खरी रिकामी गाडी वजा केली की जे उरतं तेवढाच माल बसतो.

अमळनेरला गाडी संध्याकाळी लागली. भरून झाली तोवर रात्र झाली होती. भरलेली गाडी इथल्या काट्यावर घेऊ म्हटलं, तर दलालाच्या माणसाने घाई केली. सकाळी सातला कारखान्याच्या गेटवर नंबर लावायचाय, तिथे काटा होणारच आहे, रिकाम्याची पावती तुमच्या हातात आहे, गोण्या मोजलेल्या आहेत, दोनदा काट्याचे पैसे कशाला घालवता! भरलेल्या गाडीचं वजन त्याला का नको होतं हे आता कळतं. रिकाम्याची पावती कितीही खोटी असली तरी भरलेली गाडी काट्यावर चढली की एकूण वजन समोर येतं. तिथे कुठलीच जुनी पावती कामाला येत नाही.

निघताना ड्रायव्हर अहिराणीत म्हणाला, “भाऊ, गाडी जड वाटी राहिनी.” तो साधा माणूस होता. दलालाच्या माणसाने त्याला गप्प केलं.

धुळ्याच्या पुढे साक्री रस्त्यावर आरटीओच्या वायुवेग पथकाने गाडी अडवली आणि जवळच्या काट्यावर नेली. वजन भरलं १९,८८०. म्हणजे १,३८० किलो जास्त. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आणि वर जादा टनामागे २,०००. जादा माल उतरवण्याचा खर्चही आपलाच आणि तो उतरल्याशिवाय गाडी हलत नाही. पथकाने नियमाप्रमाणे केलं, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. खरं तर पुढे कोंडाईबारीचा घाट होता. दीड टनाच्या आसपास जादा ओझं घेऊन तो उतार उतरण्यापेक्षा तिथे अडकलो ते बरंच झालं.

२८ गोण्या उतरवल्या आणि वेगळा पिकअप करून पाठवल्या. दलालाला फोन लावला तर त्याने बिल्टी पुढे केली. बिल्टीवर बारीक अक्षरांत छापलं होतं : वजन माल पाठवणाऱ्याच्या सांगण्यानुसार. “भरलं तुम्ही, वजन सांगितलं तुम्ही, दंड तुमचा. नाहीतर गाडी इथेच उभी राहील.” कायद्यात गाडी चालवणारा आणि चालवायला लावणारा, दोघेही येतात. पण त्या रात्री रस्त्यात अडकलेला माल आमचा होता. दंड, हमाली, पिकअपचं भाडं, सगळं आम्ही भरलं.

छडा लागला तो कारखान्याच्या पावतीवरून. तिथे गाडी आत येताना भरलेली आणि बाहेर पडताना रिकामी, अशी दोनदा काट्यावर घेतात. उरलेल्या २१२ गोण्यांसह वजन १८,४२०. रिकामी ७,५४०. माल १०,८८०. धुळ्याच्या पावतीवर ६,४८५ असलेली गाडी नवापूरला डिझेल जाळून पोचल्यावरही हजार किलोपेक्षा जास्त जड कशी?

मग मी ती धुळ्याची पावती नीट पाहिली. दलालाने आरसीवरचा आकडा जसाच्या तसा उतरवला होता आणि तिथेच सापडला. मी त्या भुईकाट्यावर जाऊन अर्धा तास उभा राहिलो. डिस्प्ले दहा-दहा किलोंनी सरकत होता. ८,२३०, ८,२४०, ८,२५०. शेवटी ५ आलेला आकडा त्या काट्यावर उमटूच शकत नाही. काटेवाल्याला पावती दाखवली तर तो आधी जरा घुटमळला, मग त्याने संगणकात गाडीचा नंबर टाकून पाहिला. त्या दिवशी ती गाडी तिथे आलेलीच नव्हती. पावतीचा कागद त्यांचाच जुना होता, छपाई मात्र दुसरीकडची. (तसाही कुठलाही जुना ट्रक आरसीवरच्या आकड्याशी किलोला किलो जुळला तर शंका घ्यावी.)

तरी ३०० किलोंचा हिशेब लागत नव्हता. तो गोण्यांत निघाला. ‘पन्नासची गोणी’ म्हणजे आत पन्नास किलो मका. तागाची गोणी स्वतः अर्धा-पाऊण किलोची. वर हमाल हात सैल सोडतात, कारण गोणी कमी भरली तर घेणारा कुरकुरतो. दुकानात उरलेल्या त्याच लॉटमधल्या दहा गोण्या वेगवेगळ्या थप्प्यांतून काढून काट्यावर ठेवल्या तर सरासरी आली ५१.३. म्हणजे २४० गोण्यांचे १२,००० नव्हे, १२,३१२. गाडी हजारावर जड आणि गोण्या तीनशेवर जड, त्यात थोडं डिझेल धरलं की १,३८० चा हिशेब जुळतो. हे तीनशे दलालाच्या पदरात टाकत नाही, पण गोणी पन्नासच्या वर भरते हे रोज गाड्या भरणाऱ्याला माहीत नसतं असं कोण म्हणेल?

आता खरा हिशेब कसा झाला असता तो बघा. नवापूरला रिकामी गाडी ७,५४० होती, डिझेल जळून. १ लिटर डिझेल साधारण ८३० ग्रॅमचं, म्हणजे अमळनेरला गाडी चाळीस-पन्नास किलो जास्तच असणार. ७,५९० धरू. १८,५०० मधून ते गेले की उरले १०,९१०. त्याला ५१.३ ने भागलं की २१२ गोण्या आणि वर थोडी जागा. दलालाने सांगितल्यापेक्षा २८ कमी. रस्त्यात उतरवाव्या लागल्या त्याही तेवढ्याच.

त्याचा फायदा काय, असं बाजारात बऱ्याच जणांनी विचारलं. भाडं टनावर ठरलं होतं. गाडी तीच, डिझेल जवळपास तेच, पण भाडं बारा टनांचं. पकडली नाही तर वरचा टन त्याचा. पकडली तर बिल्टीवरची बारीक ओळ आहेच.

आता गाडी आमच्या दारात आली की माल लागण्याआधी इथल्याच काट्यावर रिकामी चढवतो. डिझेल, ताडपत्री, दोर सगळं गाडीत असताना आणि ड्रायव्हर-क्लीनर आत बसलेले असताना, कारण रस्त्यावरही ते गाडीतच असणार. गाडी चढायच्या आधी डिस्प्लेवर शून्य आहे का ते पाहतो. काट्यावर वैधमापन खात्याच्या वार्षिक पडताळणीचं प्रमाणपत्र लावलेलं असतं, त्याची तारीखही पाहतो. अनेक काट्यांवर गाडीच्या नंबरावर जुनं रिकामं वजन साठवलेलं असतं आणि भरलेली गाडी आली की संगणक तेच छापतो. म्हणून पावतीवर रिकाम्या आणि भरलेल्या, दोन्ही वजनांची तारीख-वेळ वेगवेगळी छापून आली आहे का ते बघा. रिकाम्याची वेळ मागच्या आठवड्यातली असेल तर ती पावती त्या दिवसाची नाही.

गोण्यांची सरासरी दर लॉटला नव्याने काढतो. खरिपाचा ओला मका आला की हमालांचं माप बदलतं, ताग सोडून प्लास्टिकची गोणी आली की वजन पुन्हा बदलतं. आलेल्या संख्येतून दोन गोण्या कमीच भरतो. भरल्यावर गाडी परत काट्यावर घेतो. काट्याचे पैसे कोण देणार यावर दलालाशी वाद घालत बसत नाही, आम्हीच देतो. बिल्टीवर ‘सांगण्यानुसार’ खोडून भुईकाट्याचं नाव, पावती क्रमांक आणि तिन्ही वजनं लिहून घेतो. भाडंही त्याच मालाच्या वजनावर. याला नकार देणारा दलाल भेटला की दुसरी गाडी बघतो.

त्या दलालासमोर दोन्ही पावत्या ठेवल्या तेव्हा तो म्हणाला, पावती त्याला ड्रायव्हरने दिली. ड्रायव्हर म्हणाला, त्याने पावती कधी पाहिलीच नाही. बाजारातल्या चार जणांनी मध्ये पडून भाड्यातल्या जादा टनाचे पैसे परत मिळवून दिले. दंड आणि पिकअपच्या पैशांवर तो अजून ‘बघू’ म्हणतोय.