गेम कार्ट्रिजच्या पट्ट्या पुसायला अल्कोहोल की खोडरबर?

निन्टेंडोच्या एनईएस या जुन्या गेम कन्सोलचा लाल दिवा सेकंदा-सेकंदाला लुकलुकत असेल, तर बहुतेक वेळा चिप मेलेली नसते. कार्ट्रिज आणि स्लॉटमधल्या धातूच्या पट्ट्यांची गाठच पडत नसते.

मी आधी ९० टक्क्यांहून जास्त शुद्धतेचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतो. कापसाची काडी नुसती ओलसर करायची, पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने फिरवायची. पहिली काडी काळी निघते. माझ्या एका कार्ट्रिजला पाच काड्या लागल्या, सहावी पांढरी राहिली. मग दहा मिनिटं वाळू दिलं आणि गेम पहिल्याच झटक्यात लागला.

पट्टीवर काळपट डाग तरीही उरले, तरच पांढरा मऊ खोडरबर. तो गंज घासून काढतो, पण सोबत सोन्याचा अतिपातळ मुलामाही खातो. म्हणून दोन-चार हलके हात पुरे. चुरा स्लॉटमध्ये जाऊ नये म्हणून शेवटी पुन्हा अल्कोहोल फिरवायचंच.

स्लॉटमध्ये खोडरबर शिरत नाही, तिथे अल्कोहोलच. कन्सोलची वायर काढून, स्वच्छ कार्ट्रिजच्या पट्ट्या किंचित ओल्या करून पाच-सहा वेळा आत-बाहेर करा आणि दर वेळी पुसा.

पितळ चकाकवायचं पॉलिश आणि सँडपेपर मुलामा उडवतात. गंजरोधक तेलाचा फवारा चिकट थर सोडतो, त्यावर धूळ बसते. अ‍ॅसिटोन प्लास्टिक विरघळवतं. आणि तोंडाने फुंकर नकोच, थुंकीच्या ओलाव्याने गंज वाढतो.