सहा टक्के की तीन टक्के? काळ्या मातीच्या रस्त्याला चुना किती, किती खोलीत

परभणीकडच्या गावरस्त्याचं काम घेतलेल्या मित्राचा प्रश्न: १५० मिमी थरात ६ टक्के चुना घालू, की ३०० मिमीत ३ टक्के?

आधी खर्च बघू. कोरड्या मातीची घनता घनमीटरला १५०० किलो धरली, तर १५० मिमीत दर चौरस मीटरला २२५ किलो माती येते आणि तिचे ६ टक्के म्हणजे १३.५ किलो चुना. ३०० मिमीत माती ४५० किलो, ३ टक्क्यांनी चुना पुन्हा १३.५ किलोच. चुन्याचा पैसा सारखाच. मात्र जाड थर दोनदा कालवून दोनदा दाबावा लागतो, कारण ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर एका वेळी तेवढं खोल नीट कालवत नाही.

खरा फरक ताकदीचा. चुना आधी मातीचा चिकटपणा मोडण्यात खर्ची पडतो, उरलेला हळूहळू सिमेंटसारखी पकड धरतो. म्हणून प्रयोगशाळेत वेगवेगळ्या टक्क्यांची माती पाण्यात कालवून तासाभराने पीएच बघा. ज्या टक्क्याला तो १२.४ होतो, ती किमान गरज. ती ४ निघाली, तर ३ टक्क्यांत माती भुसभुशीत होईल, पण टिकाऊ ताकद येणार नाही. साइटवर खड्डा घेऊन फिनॉल्फ्थॅलिन शिंपडा: जिथे गुलाबी रंग येत नाही, तिथे चुना पोचलेला नाही. प्रमाण मात्र त्यावरून कळत नाही.

वाहतुकीचा भार पेलायचा असेल तर पातळ थर, ६ टक्के. फक्त चिखल आटोक्यात आणून वर मुरमाचा जाड थर देणार असाल, तर ३ टक्के चालेल.