रोज गुड मॉर्निंग पाठवणारा आणि कधीतरी विचारणारा: कोणाच्या मनात काय?

माझी मावसबहीण जळगावला अभ्यासिकेत बसते, एमपीएससी करते. तिला सकाळी दोन जणांचे मेसेज येतात आणि दोघांपैकी कोणाच्या मनात काहीतरी आहे का हे तिला ठरवायचं होतं. एक भुसावळचा, अखाजीच्या आसपास एका लग्नात ओळख झालेला, फोटो पाठवायचे म्हणून नंबर घेतला होता. दुसरा अभ्यासिकेतलाच. तिचा अंदाज असा की "ताई, तो भुसावळवाला एक दिवस चुकवत नाही, रोज पाठवून ऱ्हायला, काहीतरी असेल म्हणून तर पाठवतो ना?" आणि अभ्यासिकेतला फक्त मित्र, कारण तो आठवड्यातून कधीतरी पाठवतो. मी दोन्ही चॅट शेजारी शेजारी उघडून बघितले.

भुसावळवाल्याचं बघा. पावणेसहाच्या आतबाहेर रोज एक फोटो. सोमवारी महादेव, मंगळवारी गणपती, गुरुवारी स्वामी समर्थ, शनिवारी मारुती, मधल्या दिवशी सूर्यफूल नाहीतर चहाचा कप आणि खाली सुविचार. बऱ्याच फोटोंवर 'फॉरवर्डेड' लिहिलेलं, काहींवर दोन बाणवालं, म्हणजे तो फोटो आधीच निदान पाच हातांतून फिरून आलेला. हे लेबल व्हॉट्सॲपने 2018 मध्ये आणलं, पण त्याच्यावर फार विसंबू नका, कारण तोच फोटो गॅलरीत सेव्ह करून पाठवला की लेबल गायब. म्हणजे लेबल असलं तर फोटो दुसरीकडून आलाय एवढं कळतं, आणि नसलं म्हणजे खास तुमच्यासाठी बनवलाय असं काही नाही.

अभ्यासिकेतल्याचं चॅट एकदम विस्कळीत. कधी सकाळी नऊला "गुड मॉर्निंग, आज टेस्ट आहे ना?", मधे चार दिवस काहीच नाही, मग तिच्या स्टेटसवरच्या कळण्याच्या भाकरीच्या फोटोवर "एकटीच खाल्ली का", मग परत शांतता. यात गुड मॉर्निंग मोजायला गेलं तर हा माणूस कुठेच लागत नाही, पण प्रश्न मोजा, जवळपास प्रत्येक मेसेजला प्रश्नचिन्ह आहे. भुसावळवाल्याच्या चॅटमध्ये इतक्या महिन्यांत एकही प्रश्न नाही. ज्याला बोलायचं असतं त्याला तुमचं उत्तर लागतं, आणि सुविचाराला उत्तर काय देणार, हात जोडणार नाहीतर परत गुड मॉर्निंग म्हणणार.

नियमितपणाचं तर सगळ्यात जास्त लोक चुकीचं समजतात, कारण रोज आठवण काढतो असं वाटतं. पण व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट लिस्ट असते, एका लिस्टमध्ये 256 जणांपर्यंत टाकता येतात, एकदा पाठवलं की सगळ्यांना जातं आणि प्रत्येकाला ते स्वतःच्या चॅटमध्ये वेगळं आल्यासारखं दिसतं, ग्रुपसारखं दिसत नाही. आपल्याकडे काका, पतपेढीचे एजंट, एलआयसीवाले, निवडणुकीला उभं राहायचंय ते भाऊ, सगळे हेच करतात, त्यांच्यासाठी तो सकाळचा राम राम आहे. त्यात रोज तुमची आठवण काढावी लागत नाही, लिस्टची काढावी लागते.

हे तपासता येतं. ब्रॉडकास्ट फक्त त्यालाच पोचतो ज्याच्या फोनमध्ये पाठवणाऱ्याचा नंबर सेव्ह असतो. तर बहिणीला म्हटलं, त्याचा नंबर कागदावर लिहून ठेव आणि फोनमधून काढून टाक, चॅट राहू दे. दोन-चार दिवस पावणेसहाला काहीच आलं नाही. नंबर परत सेव्ह केला, महादेव हजर. त्यालाही काही कळलं नाही. पण या टेस्टला मर्यादा आहे, नंबर काढूनही मेसेज येत राहिला तर एवढंच कळतं की तो ब्रॉडकास्ट नाही, प्रेम आहे असं नाही कळत, कारण काही लोक हाताने एकेकाला निवडून पाठवतात आणि त्यांच्याकडे वेळ भरपूर असतो. तेव्हा ओळखीतल्या एखादीला विचारायचं की तुलाही हाच फोटो आला का.

मला मात्र या टेस्टच्या आधीच खात्री झाली होती. मधे आमची आजी धुळ्याला दवाखान्यात होती, आयसीयूत. बहिणीने रात्री भुसावळवाल्याला तसं लिहिलं, त्याचं उत्तर हात जोडलेला इमोजी, इथपर्यंत ठीक. दुसऱ्या दिवशी पावणेसहाला फोटो आला, सूर्यफूल आणि खाली "हसत राहा, आयुष्य सुंदर आहे". माणूस वाईट नाही हो, त्याने तिचं वाचून असं पाठवलंच नव्हतं, लिस्टला पाठवलं होतं. त्याच दिवशी ती अभ्यासिकेत गेली नाही तर दुपारी दुसऱ्याचा मेसेज, "दिसली नाहीस, सगळं बरं आहे ना? चालू घडामोडींच्या नोट्स काढल्यात, ठेवू का तुझ्यासाठी?" तुमच्याकडे काही घडलं तर समोरच्याचा मेसेज बदलतो का, मी तर आता हेच बघते, बाकी फुलं, हार्ट, पहाटेची वेळ याला काही अर्थ नाही. लाल गुलाब तर माझे सासरेसुद्धा सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात.

आता उलटी बाजू. लाजरी पोरं फॉरवर्डच्याच आडून सुरुवात करतात हे खरंय, विशेषतः छोट्या गावात, जिथे पोरीला सरळ मेसेज केला की दहा जण विचारतील, तिथे सुविचार पाठवणं सेफ असतं, उद्या कोणी पकडलं तर "सगळ्यांनाच पाठवतो" म्हणता येतं. असा मुलगा कसा ओळखायचा? त्याचा फॉरवर्ड हळूहळू तुमच्याकडे वळतो. तुम्ही एकदा म्हणालात मला पाऊस आवडतो तर पावसाचे फोटो सुरू होतात, फोटोखाली स्वतःची एक ओळ येते, तुम्ही उत्तर दिलं की पाच मिनिटांत पुढचा मेसेज येतो, नाही दिलं की दोन दिवस गप्प. भुसावळवाल्याला उत्तर दिलं काय नाही दिलं काय, पावणेसहा ते पावणेसहाच.

आणि अभ्यासिकेतल्याचंही लगेच लग्नापर्यंत नेऊ नका. नोट्स ठेवतो, विचारपूस करतो, एवढ्यावरून त्याला तिची काळजी आहे हे दिसतं, पण चांगला मित्रही तेच करतो आणि मेसेज वाचून या दोघांतला फरक मला तरी सांगता येत नाही. तो दुसऱ्या मैत्रिणींनाही तशाच नोट्स ठेवतो का हे अभ्यासिकेत बसणाऱ्या तिलाच दिसेल. आणि शेवटी कोणीतरी सरळ विचारल्याशिवाय ते कळणारच नाही.

भुसावळवाल्याचं तिने एका वाक्यात मिटवलं. लिहिलं की "रोज फॉरवर्ड नको पाठवू, काही काम असेल तर बोल." असं लिहिलं की ज्याच्या मनात काही असतं तो एकतर घाबरून सॉरी म्हणतो, का राग आला विचारतो, नाहीतर खरंच काहीतरी बोलायला लागतो. आणि नको म्हटल्यावरही कोणी पाठवतच राहिलं तर मनात काय आहे ते शोधत बसू नका, ब्लॉक करा. याचं उत्तर दोन मिनिटांत आलं, "ओके ताई, लिस्टमधून काढतो."

ती 'ताई' वाचून बहीण थोडी हिरमुसली, खोटं कशाला बोलू. अभ्यासिकेतल्याला तिने अजून काही विचारलेलं नाही, मुख्य परीक्षा होऊ दे म्हणते.