ऑडॅसिटीचे सात महिने: कापणे, शांतता गाळणे आणि तुकडा सरकवणे

माझ्या मुलाखतींच्या पॉडकास्टच्या चौदाव्या भागाच्या संपादनात पाहुण्यांचे उत्तर माझ्या प्रश्नाच्या आधीच ऐकू येऊ लागले, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. मासिक वर्गणीचे एक संपादन-साधन परवडेनासे झाल्यावर मी ऑडॅसिटी या मोफत ध्वनिसंपादन साधनाकडे वळले. पैसे वाचले याचे समाधान आजही आहे.

त्या दिवशीची चूक माझीच होती. बेचाळीस मिनिटांच्या मुलाखतीत माझा आणि पाहुण्यांचा आवाज दोन स्वतंत्र ट्रॅकवर होता. मी फक्त पाहुण्यांचा ट्रॅक निवडून Truncate Silence ही लांब शांतता गाळणारी आज्ञा चालवली. मी बोलत असताना ते गप्प होते, आणि त्या सगळ्या जागा त्यांच्या ट्रॅकमधून गळून गेल्या. ट्रॅक आखडला, माझा मात्र जागच्या जागी राहिला. प्रकल्प जतन करून बंद केल्यामुळे Ctrl+Z चा इतिहासही उरला नव्हता आणि मूळ फाइलींपासून पुन्हा सुरुवात करावी लागली. दोन्ही ट्रॅक एकत्र निवडले आणि Truncate tracks independently ही खूण काढलेली असली, तर दोघेही गप्प असतील तेवढीच जागा कापली जाते.

पहिले काही महिने मला शांतता गाळणे हेच या साधनाचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य वाटत होते. आता तसे वाटत नाही. आधीपासून भरलेली -20 dB ही मर्यादा आपल्या बोलण्यासाठी फार वरची आहे. ‘झालं’, ‘आहे’ यांसारख्या शब्दांचे हळू उच्चारलेले शेवट ती शांतता समजून गिळते. मी -38 dB वर, 0.8 सेकंदांपेक्षा लांब शांतता 0.4 सेकंदांवर आणते. काहीच कापले गेले नाही, तर मर्यादा पंख्याच्या आवाजाच्याही खाली गेली आहे असे समजावे. पाहुणे विचार करून बोलणारे असतील, तर मी हे चालवतच नाही, कारण त्यांचा थांबाही ऐकण्यासारखा असतो.

माझे सर्वांत जास्त काम पडते ते तुकडा सरकवण्याशी. पाहुण्यांनी त्यांच्या फोनवर आणि मी माझ्या रेकॉर्डरवर ध्वनिमुद्रण केले होते. ट्रॅक जुळवण्यासाठी वाजवलेली सुरुवातीची टाळी दोन्ही ट्रॅकवर अचूक जुळली, तरी दोन यंत्रांच्या घड्याळांत बारीकसा फरक असल्यामुळे चाळिसाव्या मिनिटाला पाहुण्यांचा आवाज सुमारे 320 मिलिसेकंद मागे पडला होता. मिनिटाला आठ मिलिसेकंद हा फरक दिसायला नगण्य असला, तरी शेवटी शेवटी प्रत्येक हसू उशिरा येते.

यासाठीच्या Clip Left आणि Clip Right या आज्ञांना सुरुवातीला कळच दिलेली नसते; Preferences मधील कळांच्या विभागात ती स्वतः द्यावी लागते. शिवाय एका दाबाने तुकडा पडद्यावरच्या एका पिक्सेलएवढा सरकतो, म्हणजे सरकण्याचे अंतर त्या वेळच्या झूमवर अवलंबून असते. सबंध मुलाखत पडद्यावर मावलेली असताना एक दाब सेकंद-दोन सेकंदांचाही ठरू शकतो, आणि जवळून पाहताना तो कानाला कळतही नाही. हे लक्षात येईपर्यंत माझे कित्येक तास गेले. उपाय सोपा निघाला: सरकवण्याआधी प्रत्येक वेळी Ctrl+2 दाबायचे. झूम ठरावीक मापावर येतो आणि एक दाब सुमारे बारा मिलिसेकंदांचा होतो.

मग मी दहा, वीस आणि तीस मिनिटांच्या आसपास, पाहुणे गप्प असतील अशा जागा शोधल्या. तिथे नुसते Ctrl+I ने कापून तुकडा डावीकडे सरकवू लागले, तर तो हलेना, कारण एकाच ट्रॅकवरचे दोन तुकडे एकमेकांवर चढू शकत नाहीत. आधी जागा करावी लागते. म्हणून त्या शांततेतला अर्धा सेकंद निवडून Ctrl+Alt+K दाबले. ही कळ निवडलेला भाग काढते, पण पुढचे काही मागे ओढत नाही, आणि तुकडेही आपोआप वेगळे होतात. त्यानंतर पहिल्या कापानंतरचा तुकडा सात दाबांनी, दुसऱ्या कापानंतरचा चौदा आणि तिसऱ्या कापानंतरचा एकवीस दाबांनी डावीकडे नेला. प्रत्येक तुकड्याच्या अखेरीस थोडा फरक उरतोच, पण ऐंशी ते शंभर मिलिसेकंदांचा असल्यामुळे संभाषणात तो जाणवत नाही.

खोकला किंवा खुर्चीचा आवाज काढायला मी पूर्वी Ctrl+L वापरत असे. ती त्या जागी पूर्ण निःशब्दता भरते आणि हेडफोनवर खोलीचा आवाज अचानक बंद पडल्यासारखा वाटतो. आता त्याच ट्रॅकवरची शांत जागा तेवढ्याच लांबीची निवडून Ctrl+C ने उचलते आणि खोकल्याएवढा भाग निवडून त्यावर चिकटवते. लांबी तीच राहिल्याने पुढचे जुळलेले काही बिघडत नाही. कापण्याआधी C दाबले की निवडलेला भाग गाळून ऐकायला मिळतो. ती कळ मला चौथ्या महिन्यात सापडली आणि तेव्हापासून Ctrl+Z चा वापर निम्म्यावर आला.

चौदावा भाग तीन दिवस उशिरा गेला. पाहुण्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला आणि आपले हसू बरोबर जागेवर आले आहे, असे कळवले.